सूचना : किरकोळ खर्चाची व्हाउचर्स आणि महिनाअखेरची रोकड

सांगली मार्केट यार्ड आणि मिरज शाखेतील सर्व रोखपालांसाठी.

३० तारखेला संध्याकाळी आधी पेटीतली रोकड मोजून आकडा लिहून ठेवा, मगच व्हाउचर्सच्या फोटोंमधल्या रकमांची बेरीज करा. बेरीज आधी केली की मोजणी नकळत त्या आकड्याकडे झुकते.

फोटो हमाली, टेम्पोभाडे, चहापाणी, स्टेशनरी, दुरुस्ती अशा फोल्डरमध्ये टाका. महिना ठरवताना व्हाउचरवरची तारीख धरा, फोटोची नको. हळदीच्या पोत्यांची हमाली आणि टेम्पोभाडे एकाच चिठ्ठीवर असेल, तर दोन्ही रकमा वेगळ्या नोंदवा, पण फोटोला नंबर एकच द्या.

रोकड अधिक व्हाउचर्स म्हणजे ठरलेली आगाऊ रक्कम, हे जुळलंच पाहिजे. समजा रक्कम ५,००० आहे. पेटीत १,३१०, फोटोंची बेरीज ३,९३०, म्हणजे एकूण ५,२४०. हे २४० जास्त दिसले म्हणून पेटीतून पैसे काढू नका. बहुतेक वेळा एकाच व्हाउचरचे दोन फोटो आलेले असतात, एक हमालाची सही होण्याआधीचा आणि एक नंतरचा. आधी २४० रुपयांची व्हाउचर्स शोधा आणि नंबर ताडून पाहा. जोडी सापडली, की सही असलेला फोटो ठेवा. बेरीज ३,६९० होईल आणि हिशोब जुळेल.

उलट रक्कम कमी भरली, तर व्हाउचर राहिलंय का ते पाहा. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर ४५० चे ५४० असे आकडे उलटे वाचले गेलेत का, तेही तपासा.

पेट्रोलपंपाच्या पावतीची शाई उडते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा.