कोंदणाऱ्या हवेचा अंदाज आणि निर्बंधांची वेळ : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

शहरात हवा बिघडली की बांधकामे थांबवायची का, वाहनांवर निर्बंध आणायचे का, हे बहुतेकदा मोजलेल्या हवा गुणवत्ता निर्देशांकावरून ठरते. धुळीच्या कणांसाठी तो मागील २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे तो धोक्याची पातळी ओलांडेपर्यंत धूर आणि धूळ शहरावर साचून गेलेली असते. हवा साचणार की वाहून जाणार, हे मात्र आदल्या दिवशी बऱ्यापैकी सांगता येते. म्हणून निर्बंधांचा निर्णय वायुवीजन गुणांकाच्या अंदाजाशी जोडावा, अशी माझी विनंती आहे.

दिवसा जमीन तापली की तिच्यालगतची हवा वर उठते आणि प्रदूषकांना घेऊन एका ठरावीक उंचीपर्यंत घुसळली जाते. ही मिश्रण उंची. या संपूर्ण थरातील वाऱ्याच्या सरासरी वेगाने तिला गुणले की वायुवीजन गुणांक मिळतो. येथे जमिनीजवळच्या वाऱ्याचा वेग धरून चालत नाही, कारण इमारतींमुळे तो बराच मंदावलेला असतो. दिल्लीसाठी दिल्या जाणाऱ्या पूर्वसूचनेत हा गुणांक ६००० चौरस मीटर प्रति सेकंदापेक्षा कमी आणि वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर प्रदूषके पांगण्यास परिस्थिती प्रतिकूल मानली जाते.

मिश्रण उंचीचा अंदाज आज संगणकीय प्रारूपे देतात, पण त्यामागचे तत्त्व कागदावर मांडता येण्याइतके सोपे आहे. पहाटे सोडलेल्या फुग्याला बांधलेले उपकरण वर जाताना तापमान कळवत राहते. समजा, हिवाळ्यातील एका पहाटे जमिनीवर १२ अंश आणि ३०० मीटरवर १८ अंश तापमान आढळले, म्हणजे खाली गार आणि वर उबदार असा तापमान विपर्यय तयार झालेला आहे; त्याच्या वर तापमान दर किलोमीटरला ५ अंशांनी उतरते. दुपारचे कमाल तापमान २४ अंश राहील असा अंदाज आहे. जमिनीवरून उठणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. २४ अंशांपासून निघालेली ही उतरती रेषा पहाटेच्या नोंदीच्या रेषेला साधारण ९४० मीटरवर छेदते, आणि तीच दुपारची मिश्रण उंची. थरातील वारा सेकंदाला २.५ मीटर धरला, तर गुणांक २३५० येतो. दिवस कोंदट जाणार, हे सकाळीच स्पष्ट होते.

आता याच दिवशी धुके उशिरापर्यंत रेंगाळले आणि कमाल तापमान २१ अंशांवरच थांबले, असे धरू. तीच आकडेमोड केल्यास मिश्रण उंची जेमतेम ३१० मीटर भरते आणि गुणांक ७७५ वर येतो. कमाल तापमान तीन अंशांनी चुकले, तर हवेला उपलब्ध असलेली जागा एक तृतीयांश उरते. अंदाज सर्वांत जास्त फसतो तो येथेच. भर म्हणजे साचलेला धूर स्वतःच ऊन अडवतो, जमीन कमी तापते आणि झाकण आणखी खाली येते. धुराचा हा परिणाम हिशेबात न घेणारे प्रारूप अशा दिवसांत मिश्रण उंची जास्त दाखवते. त्यामुळे आदल्या संध्याकाळचा एकच आकडा पुरेसा नाही. पहाटेची नोंद आणि धुक्याची स्थिती पाहून तो सकाळी सुधारला पाहिजे, आणि शक्यतांचा पल्लाही सोबत दिला पाहिजे.

दुसरी अडचण सरासरीची आहे. दुपारी गुणांक चांगला दिसला तरी सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते, मिश्रण उंची काही तासांत शंभर-दोनशे मीटरवर येऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यांवर वाहने सर्वाधिक असतात. दिवसभराच्या सरासरीत हे तास हरवून जातात. मला तर संध्याकाळी सहा ते रात्री दहाचा अंदाज दुपारच्या कमाल आकड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. हा गुणांक हवेची वाहून नेण्याची क्षमता सांगतो, धूर किती सोडला जाणार हे सांगत नाही, ही त्याची मर्यादा मान्यच आहे. म्हणूनच गुणांक घसरणार असे दिसताच, निर्देशांक अजून समाधानकारक असतानाच, धूर आणि धूळ कमी करण्याचे आदेश निघायला हवेत.

तेव्हा माझे मागणे एवढेच, की ताशी गुणांकाचा अंदाज मिश्रण उंची आणि वारा वेगवेगळे दाखवून रोज जाहीर व्हावा, सलग दोन दिवस तो उंबरठ्याखाली राहणार असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच निर्बंध लागू व्हावेत, आणि प्रत्यक्ष मिश्रण उंची लेझर किरणांनी मोजणाऱ्या उपकरणांच्या नोंदी अंदाजाशेजारी प्रसिद्ध व्हाव्यात, म्हणजे अंदाज कोणत्या दिवशी आणि कशामुळे चुकला हे आपल्या विभागालाही तपासता येईल.

आपला नम्र,
हवामानशास्त्राचा एक अभ्यासक