निरोपाच्या भाषणात निळं पिंप

सोलापूर

प्रिय सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "बाबा, भाषणात काय बोललात?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून आता लिहितो.

58 पूर्ण झाली की महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, हे ठरलेलंच. शाल-श्रीफळही ठरलेलं. भाषण मात्र मला आमच्या ग्रुपवरच्या मीम्समधूनच करायचं होतं, कारण या माणसांशी माझं नातं त्या चेष्टेतच वाढलं.

आमचं सगळ्यात जुनं मीम म्हणजे निळं पिंप आणि खाली दोन शब्द, 'पाणी आलंय'. आपल्याकडं चार-पाच दिवसांआड नळ येतो, तोही अवेळी. त्यामुळं कुणी जागेवर नसलं, फाइल सापडेना झाली, बैठक लांबली, की ग्रुपवर पिंप पडायचं.

आदल्या रात्री आईला भाषण म्हणून दाखवलं. ती हसलीच नाही. मी गंमत आधी सांगत होतो आणि पिंपाची गोष्ट नंतर. समारंभाला सगळ्यांच्या घरचे येणार, नवीन भरतीची पोरं असणार, त्यांना काय कळणार? मग क्रम उलटा केला. आधी दोन वाक्यांत गोष्ट, मग चित्राचा प्रिंट वर धरायचा आणि गप्प राहायचं.

सभागृह खदखदून हसलं. हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "बायकोच्या ऑपरेशननंतर ती पाण्याला उठू शकत नव्हती. नळ आला की मी घरी पळायचो. तेव्हा आवक-जावकच्या टेबलावर माझ्या जागी कोण बसायचं, हे ग्रुपवर कधी आलं नाही. ते आज सांगतो." आणि मागच्या रांगेतल्या ताईंना उभं केलं. अडीच महिने त्यांनी स्वतःचं काम संभाळून माझं टपाल नोंदवलं होतं. त्या पदर डोळ्याला लावत खाली बसल्या.

एक मीम मात्र मी गाळलं. आमच्या शिपाईमामांचा डुलकी घेतानाचा स्टिकर तुला माहीत आहे. त्यांना आदल्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, ग्रुपात चालतंय, पण उद्या सूनबाई येणार हाय." मग त्यांच्याबद्दल एवढंच बोललो की कार्यालयाची किल्ली इतकी वर्षं त्यांच्या कमरेला होती आणि एकदाही दार उशिरा उघडलं नाही.

शेवटी माझं स्वतःचं, 'जावक नंबर टाकला का?' ते मी म्हणायच्या आत सगळ्यांनीच एका सुरात म्हटलं. पुढं काय बोलायचं ठरवलं होतं, ते घशातच राहिलं.

आज पहाटे साडेपाचला नळ आला. मी बादल्या लावतोय तोवर फोन वाजला. ग्रुपवर पिंप होतं. ताईंनी खाली लिहिलं होतं, "सर, निवांत भरा. टेबल संभाळतेय."

तुझा,
बाबा