दोन हजारांचं बटण: केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: ऑनलाइन स्लॉटमधली ‘बोनस बाय’ची सोय

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी काही वर्षं पुण्यात बसून परदेशी कंपन्यांच्या स्लॉट गेमचं, म्हणजे चिन्हांची रिळं फिरवून पैज लावायच्या खेळांचं, गणित तपासायचं काम केलं. तेव्हा ती नुसती नोकरी होती. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानं मला त्याच्या फोनवरचं एक रेकॉर्डिंग दाखवलं आणि म्हणाला, “मामा, स्पिन मारत बसण्यापेक्षा थेट बोनस घेतलेला स्वस्त पडतो, बघ.” मी त्याला झापायच्या तयारीत होतो. पण वहीत आकडे मांडून बघितले, तर पोरगं खोटं बोलत नव्हतं. हे पत्र लिहायला बसलो ते त्यामुळेच.

२०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, हे मला ठाऊक आहे. तरी परदेशातून चालणाऱ्या साइट भाच्याच्या फोनवर उघडतात. त्यातल्या गेममध्ये रिळांच्या शेजारी ‘बोनस बाय’चं एक बटण असतं. एरवी फ्री स्पिनचा, म्हणजे फुकट फेऱ्यांचा, बोनस लागायला तीन ठरावीक चिन्हं नशिबानं यावी लागतात. हे बटण दाबलं की ती वाट बघावी लागत नाही, बोनस लगेच सुरू होतो. किंमत बहुतेक वेळा पैजेच्या शंभरपट. भाचा २० रुपयांची पैज लावत होता, म्हणून त्याच्या बटणावर २,००० लिहिलेलं होतं. ही सोय २०१७ साली बिग टाइम गेमिंग या कंपनीच्या ‘व्हाइट रॅबिट’ या गेमनं रूढ केली आणि पुढे इतर अनेकांनी उचलली.

आता हिशेब. गेमचा परतावा ९६ टक्के धरू. म्हणजे लाखो स्पिनमध्ये लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सरासरी ९६ परत येतात. २० रुपयांच्या एका स्पिनमागे अपेक्षित तोटा ८० पैसे. २,००० च्या बटणालाही तोच दर धरला, तर एका दाबामागे ८० रुपये. बटणाची किंमत म्हणजे तोटा नव्हे. तोटा म्हणजे त्या किमतीचे चार टक्के. पण एकच गेम वेगवेगळ्या परताव्यांच्या आवृत्त्यांत विकला जातो आणि कुठली लावायची ते साइट ठरवते. तिथे ९४ ची आवृत्ती असली तर त्याच दाबाचे १२० रुपये होतात. चित्रं तीच, संगीत तेच. फरक दिसलाच तर मदतीच्या पानावर, खाली कुठेतरी.

भाच्याचं म्हणणं खरं कसं ठरतं, ते सांगतो. माझ्या वहीतल्या नमुना गेममध्ये बोनस सरासरी २४० स्पिनमागे एकदा लागतो आणि सरासरी पैजेच्या ९६ पट देतो. म्हणजे ९६ टक्क्यांपैकी ४० टक्के परतावा बोनसमधून येतो आणि उरलेला ५६ टक्के साध्या स्पिनच्या किरकोळ जिंकण्यांतून. नैसर्गिकरीत्या बोनस गाठायचा तर सरासरी ४,८०० रुपये फिरवावे लागतात. त्यातले २,६८८ वाटेत परत मिळतात. बोनस पडला २,११२ ला. बटणावर तोच २,००० ला. एका बोनसपुरतं बघितलं तर बटण खरंच स्वस्त.

मग घोळ कुठे आहे? घड्याळात. साधे स्पिन तासाला सहाशेच्या आसपास होतात. २० रुपयांच्या दरानं ते १२,००० रुपये झाले आणि अपेक्षित तोटा ४८० रुपये. विकत घेतलेला बोनस दीड मिनिटात संपतो, म्हणजे तासाला चाळीस. चाळीस वेळा २,००० म्हणजे ८०,००० रुपये फिरले आणि अपेक्षित तोटा ३,२०० रुपये. दर तोच चार टक्के, पण तासाचा तोटा साडेसहापटीहून जास्त. काही गेममध्ये बटणाचा परतावा अर्धा टक्का जास्त दाखवतात, आणि खेळणारे त्याचा मोठेपणानं उल्लेख करतात. तो ९६.५ धरला तरी तासाचे २,८०० जातातच.

बटणानं निकालांतला चढउतारही वाढतो, बहुतेकांना मात्र उलटंच वाटतं. “बोनस हमखास मिळतो, मग अनिश्चितता कमी झाली ना?” असं भाचाही म्हणाला. हमखास मिळतो तो बोनस. त्यातून येणारी रक्कम नव्हे. साध्या खेळातली पाच-दहा रुपयांची किरकोळ जिंकणी तोट्याखाली उशीसारखी असतात. बटण दाबलं की ती उशी जाते आणि सगळे पैसे गेमच्या सर्वांत लहरी भागावर लागतात. त्या भागात सरासरी ९६ पट ही थोड्या प्रचंड बोनसांनी वर ओढलेली असते. माझ्या नमुन्यात मधला बोनस, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे असतात तो, जेमतेम ४१ पट, साधारण ८२० रुपयांचा निघतो. चारपैकी तीन वेळा २,००० पेक्षा कमी येतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेवढेच रुपये फिरवले असं धरलं, तर हा चढउतार दीडपटही वाढत नाही. शंभर स्पिन विरुद्ध एक बटण, असा तो हिशेब. पण माणूस रुपये मोजून खेळत नाही, वेळ मोजून खेळतो. तासाच्या हिशेबानं चढउतार साडेतीनपट होतो. १०,००० रुपये घेऊन बसलेल्याला त्यात पाचशे स्पिन मिळतात, ते पन्नास मिनिटं पुरतात. किंवा पाच बटणं, सात-आठ मिनिटं. अपेक्षित तोटा दोन्हीकडे ४०० च. पण पाचही बोनस किमतीखाली येण्याची शक्यता जवळपास चारात एक. मग उरलेल्या बेचाळीस मिनिटांत माणूस काय करतो, ते मी त्या रेकॉर्डिंगमध्ये बघितलं: भाच्याचे पाच बोनस ३४०, १,१२०, ९०, २,६१० आणि ४२० रुपयांचे आले. १०,००० मधले ४,५८० उरले. त्यानं लगेच आणखी दोन घेतले.

ब्रिटनच्या नियामकानं हे बटण २०१९ मध्येच बंद करायला लावलं. तिथे २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटची पैज एका खेळाला ५ पौंडांवर बांधली आहे, १८ ते २४ वयोगटासाठी २ पौंडांवर. शंभरपटीच्या बटणानं २ पौंडांच्या पैजेचेही एका दाबात २०० पौंड होतात.

आता आपल्याकडचं. कायद्यात ‘सोशल गेम’ना मोकळीक आहे. त्या नावाखाली नाणी विकत घेऊन खेळायचे स्लॉट येतात. नाणी परत रुपये होत नाहीत, म्हणून ते पैशांच्या खेळाच्या व्याख्येबाहेर असल्याचा दावा केला जातो. पण बोनस बायचं बटण तिथेही चालतं. माझी विनंती अशी, की खेळांची वर्गवारी करताना हे बटण असलेला गेम मोकळिकीत घेऊ नये. ते शक्य नसेल, तर किमान त्या नाण्यांना किती रुपये पडले ते बटणावरच लिहायला लावावं. ‘१०,००० नाणी’ बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

दुसरं, जनजागृतीच्या जाहिरातींबद्दल. “जुगार वाईट” हे वाक्य भाच्याला पाठ आहे, ते त्याच्या डोक्यावरून जातं. त्याला धक्का बसला तो वहीतल्या ४८० आणि ३,२०० ह्या दोन आकड्यांनी. तसेच आकडे जाहिरातीत येऊ द्या. आणि समाजमाध्यमांवरचे, एकामागून एक बोनस उघडून दाखवायचे ‘बोनस हंट’चे व्हिडिओही जाहिरातच समजून काढायला लावा. चाळीस बोनसांतला एखादा हजारपट निघाला, की तोच तुकडा कापून फिरवला जातो. उरलेले एकोणचाळीस कुणी दाखवत नाही.

वहीतलं गणित मागवलंत, तर सूत्रांसकट पाठवीन. नमुन्यातले आकडे माझे आहेत, एखाद्या ठरावीक गेमचे नाहीत. आपल्या अधिकाऱ्यांनी ते बदलून बघावेत.

आपला,
एक माजी गेम गणित तपासनीस
कोथरूड, पुणे