तक्रार: ड्रॉवरच्या फिंगर जॉइंटमध्ये डॉगबोन कापलेच गेले नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, सीएनसी कटिंग विभाग

विषय: 10 ड्रॉवरचे 40 प्लाय तुकडे पुन्हा कापून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून कापून आलेले तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यात सुमारे 3 मिमी फट राहते. ड्रॉइंग 6 मिमी बिटसाठी होते आणि ऑर्डरमध्येही तसे लिहिले होते. प्रत्यक्षात 8 मिमी बिट वापरलेला दिसतो. 8 मिमी ड्रिलचा दांडा खाचेच्या आतल्या कोपऱ्यात नेमका टेकतो, 6 मिमीचा सैल हलतो.

फट का राहते ते सांगतो. प्लाय 18 मिमीचा म्हणून मिळतो, पण कॅलिपरवर 17.4 भरला, म्हणून खाचेची खोली 17.4 धरली. बोट 29.9 आणि खाच 30.1, म्हणजे दोन्ही बाजूंना 0.1 मिमी मोकळीक. फिरता बिट आतला कोपरा चौकोनी कापू शकत नाही. तो आपल्या त्रिज्येएवढी गोलाई सोडतो, आणि बोटाचा चौकोनी कोपरा त्या गोलाईवर अडतो. 4 मिमी गोलाई आणि 0.1 मोकळीक असेल, तर बोट तळापासून 3.1 मिमी आधीच थांबते. फट तेवढीच आहे.

यासाठीच प्रत्येक आतल्या कोपऱ्यात 6.2 मिमी व्यासाचे डॉगबोन काढले होते. व्यास मुद्दाम बिटपेक्षा जरा मोठा ठेवला, कारण अगदी 6 ठेवला तर काही सॉफ्टवेअर तो कमान-मार्ग गाळतात. त्यात 8 मिमी बिट शिरूच शकत नाही, त्यामुळे टूलपाथने सगळी वर्तुळे मुकाट्याने सोडून दिली. सिम्युलेशन उघडले असते तर हे तिथेच दिसले असते.

कानशीने घासा, असे आपण सुचवले. एका सांध्यात आतले 8 कोपरे, ड्रॉवरला 32, एकूण 320. हातोडीने ठोकले तर बोटाच्या टोकाचे थर उकलतात.

आपण पाठवलेला दुरुस्त नमुनाही चालणार नाही. त्यात वर्तुळाचा केंद्रबिंदू थेट कोपऱ्यावर आहे, म्हणून बोटाचे मूळ दोन्हीकडून 3.1 मिमीने खाल्ले जाऊन 23.7 उरते आणि भोके बाहेरून दिसतात. केंद्र खाचेच्या आत, कोपऱ्याच्या कर्णावर हवे. दोन्ही कडांपासून अंतर असे:

```
d = r / √2 = 3.1 / 1.414 = 2.19
```

मग वर्तुळ कोपऱ्यातून जाते, कडेपलीकडे फक्त 0.91 मिमी कापले जाते आणि बोटाचे मूळ 28.1 राहते.

कृपया 15 दिवसांत 40 तुकडे नव्या प्लायवर, 6 मिमी बिटने, विनामूल्य कापून द्यावेत. बिट धार लावलेला असेल तर त्याचा व्यास मोजा. तो 5.8 भरला आणि मशीनमध्ये 6 लिहिला, तर खाच 0.2 ने अरुंद निघेल आणि मोकळीक संपेल. आधी एकच सांधा कापून त्याचा फोटो पाठवा, मग उरलेले कापा. हे जमणार नसेल तर प्लायसह पूर्ण रक्कम परत करावी.

आपला,
ग्राहक