एक रुपया आणि ९० दिवसांचा दाखला

संपादक महोदय,

आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर करायला येणारा मिस्त्री मूळचा बिहारचा, इथे १२ वर्षं झाली, त्याला वाटायचं बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी फक्त महाराष्ट्रातल्या माणसांसाठीच असते. तसं नाहीये. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असलं की झालं, फी फक्त एक रुपया. अडतं ते त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण आज या साइटवर, उद्या त्या, ठेकेदार सही करायला तयार नसतो, मग ग्रामसेवक नाहीतर पालिकेकडे फेऱ्या माराव्या लागतात.

आणि बहुतेकजण चुकतात ते रिन्यूअलला. कार्ड दरवर्षी नवं करावं लागतं, पुन्हा ९० दिवसांचा दाखला जोडून. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख मिळतात, पण नोंदणी चालू असेल तरच! मुलांचंही तेच, पहिल्या दोघांना पहिली ते सातवी वर्षाला २५०० आणि आठवी-नववी-दहावीला ५०००, हजेरी मात्र ७५ टक्के हवी.

साठीनंतरची पेन्शन नोंदणी किती वर्षं होती त्यावर ठरते. दहा वर्षांना वर्षाचे ६०००, वीस वर्षांना १२००० (हो, वर्षाचे, महिन्याचे नाही). आमचा मिस्त्री आता ४८ चा आहे, यंदा नोंदणी करून दरवर्षी रिन्यू केली तर १२ वर्षं भरतील, म्हणजे ६०००. आला तेव्हाच केली असती तर १२००० चा हक्कदार झाला असता.

– एक वाचक, पुणे