रिसेप्शनच्या लॉगिनमधून निदान बाहेर येतंय का बघा

मंडळी नमस्कार, ज्यांनी क्लिनिकच्या अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरमधे रोल लावलेत त्यांनी आज ओपीडी संपल्यावर एवढं चेक कराच. आमच्या इथं लातूरला रिसेप्शनच्या लॉगिनला निदानाचा कॉलम लपवला होता, स्क्रीनवर काही दिसत नव्हतं म्हणून आम्ही निवांत, पण परवा त्याच लॉगिनमधून `F12` दाबून नेटवर्क टॅब उघडला तर `/appointments` च्या उत्तरात नाव, वेळ, टोकनच्या खाली हे सरळ दिसायलंय:

```json
"diagnosis": "TB"
```

म्हणजे सर्व्हर सगळं पाठवायलाय आणि स्क्रीन नुसती झाकायली. ज्यानं सॉफ्टवेअर बनवलंय त्याला सांगा की रोल सर्व्हरवरच तपासायचा, रिसेप्शनला नाव, मोबाईल, तारीख, वेळ, टोकन एवढंच पाठवायचं, आणि निदानाची लिंक त्या लॉगिनमधून थेट उघडली तर `403` म्हणजे "परवानगी नाही" असं उत्तर यायला पाहिजे. एक्सेल डाउनलोड पण बघा, तिथं हा कॉलम हमखास राहून जातो.

दुसरं म्हणजे "येण्याचं कारण" हा रकाना. तिथं रिसेप्शनच्या ताई बिचाऱ्या पेशंट सांगेल ते टाइप करतात, मग निदान लपवून उपयोग काय. आम्ही तिथं फक्त नवीन, फॉलोअप, ड्रेसिंग एवढेच पर्याय ठेवलेत. पुढची भेट किती दिवसांनी आणि किती मिनिटांची हे डॉक्टर आतून भरतात, "15 दिवस, 20 मिनिटं", ताईंना स्लॉट द्यायला तेवढं पुरतं, आजार माहीत असायची गरजच पडत नाही.

आणि डॉक्टरांचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला असेल तर आजच काढा अन् बदला.