‘फक्त दहा टक्के जागा वाया’ कधी खरे, कधी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्याच्या तंत्रज्ञान पुरवणीत लॉग-स्ट्रक्चर्ड डेटाबेसवर लेख आला होता. फाइली एकत्र करण्याच्या दोन पद्धतींपैकी साइझ-टायर्ड कॉम्पॅक्शन निम्मी डिस्क खाते, लेव्हल्डमध्ये फक्त दहा टक्के जागा वाया जाते, म्हणून सरळ लेव्हल्डवर जावे, असा त्याचा सूर होता. मी रोज हेच काम करतो. लेखातले दोन्ही आकडे चुकीचे नाहीत, पण ज्या अटींवर ते उभे आहेत त्या अटी लेखात कुठेच आल्या नाहीत. आमची स्वतःची फजिती त्या अटींमुळेच झाली, म्हणून हे पत्र.

आधी थोडी पार्श्वभूमी. अशा डेटाबेसमध्ये लिहिलेली फाइल पुन्हा बदलत नाहीत. नवी नोंद आधी मेमरीत साठते, मेमरी भरली की क्रमाने लावलेली एक नवी फाइल डिस्कवर उतरते. तीच नोंद उद्या बदलली तर नवे रूप नव्या फाइलीत जाते आणि जुने जुन्या फाइलीत तसेच पडून राहते. या फाइली अधूनमधून एकत्र करून जुनी रूपे टाकून देणे म्हणजे कॉम्पॅक्शन. मूळ कल्पना १९९६ची आहे, पण कोणत्या फाइली कधी एकत्र करायच्या यावर अजूनही वाद होतात.

साइझ-टायर्डचा नियम सोपा आहे. साधारण एकाच आकाराच्या चार फाइली जमल्या की त्यांची एक करायची. १०० एमबीच्या चारांची ४०० एमबीची, तशा चारांची १.६ जीबीची, असे चढत जायचे. आम्ही वापरतो त्या कॅसँड्रा डेटाबेसात हीच मूळ पद्धत होती आणि आमचे टेबलही त्याच पद्धतीवर होते. मशीनची डिस्क १,००० जीबीची, टेबल ७०० जीबीचे. त्यात १६० जीबीच्या चार फाइली आणि उरलेल्या ६० जीबीत बारीकसारीक दहा-बारा. मोकळी जागा ३००. आलेखात डिस्क सत्तर टक्के भरलेली दिसत होती, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती.

चौथी १६० जीबीची फाइल तयार झाली त्या रात्री चारांची एक करायची पाळी आली. नवी फाइल पूर्ण लिहून होईपर्यंत जुन्या पुसता येत नाहीत, म्हणून डेटाबेस आधी अंदाज बांधतो, आणि तो सर्वांत वाईट शक्यता धरूनच: चारांची बेरीज, ६४० जीबी. तेवढी जागा नाही म्हणून त्याने एक फाइल वगळून पाहिली. तरी ४८० लागत होते. दुसरी वगळली, तरी ३२०. मोकळे ३००. तिथे त्याने नाद सोडला, आणि त्यानंतर त्या चार फाइली रोज जशाच्या तशा पडून राहिल्या.

गंमत अशी की खरे काम झाले असते तर उत्तर जेमतेम १८० जीबीचे आले असते. आमच्याकडे प्रत्येक नोंद साधारण महिन्यातून एकदा बदलते. त्यामुळे एकेक मोठी फाइल म्हणजे एकेका महिन्याचे लिखाण, आणि चारही फाइलींत जवळजवळ त्याच नोंदी, चार वेगवेगळ्या तारखांच्या. म्हणजे जागेच्या अडचणीचे मूळ दुहेरी होते. एक, जिवंत माहितीच्या जवळपास चौपट माहिती साठली होती. दोन, ती साफ करायला आणखी मोकळी जागा लागत होती. ‘निम्मी डिस्क रिकामी ठेवा’ हा सल्ला फक्त दुसऱ्या गोष्टीपुरता आहे, पहिलीबद्दल तो काहीच बोलत नाही. उलट, ज्या टेबलात नोंदी एकदाच लिहिल्या जातात आणि पुन्हा बदलत नाहीत तिथे पहिली अडचण जवळजवळ नसतेच. तिथे साइझ-टायर्डला नावे ठेवण्याचे कारण नाही.

वाचनाची किंमतही याच कारणाने वाढते. लेखात म्हटले आहे की ब्लूम फिल्टरमुळे फाइली जास्त असल्या तरी बिघडत नाही. फिल्टर एवढेच सांगतो की अमुक की, म्हणजे नोंदीची ओळख, या फाइलीत ‘नक्की नाही’ किंवा ‘बहुधा आहे’. की फाइलीत नसेल तर तो शंभरातल्या नव्व्याण्णव फेऱ्या वाचवतो. पण आमच्या चारही मोठ्या फाइलींत की खरोखरच होती, मग फिल्टर बिचारा चारदा ‘आहे’ म्हणणार, आणि ते खरेच असणार. बदलात नोंदीचे बहुतेक रकाने नव्याने लिहिले जात, एखादा जुनाच राही. तो कुठे आहे हे पाहायला मागच्या फाइली उघडाव्याच लागत. `nodetool tablehistograms` मध्ये एका वाचनाला किती फाइली लागल्या याचा रकाना असतो. त्यात आमचा मधला आकडा पाच होता. हा रकाना बघितल्याशिवाय कॉम्पॅक्शनच्या पद्धतीबद्दल कुणाशी वाद घालू नये असे माझे मत आहे.

म्हणून आम्ही लेव्हल्डवर गेलो. ही पद्धत लेव्हलडीबी या दुसऱ्या डेटाबेसातून आली आणि २०११मध्ये कॅसँड्रात दाखल झाली. यात सगळ्या फाइली लहान आणि एकसारख्या, आमच्याकडे १६० एमबीच्या. पहिल्या लेव्हलवर दहा, दुसरीवर शंभर, तिसरीवर हजार, चौथीवर दहा हजार अशी कमाल मर्यादा. एका लेव्हलवरच्या फाइलींचे पट्टे, म्हणजे प्रत्येकीतल्या पहिल्या कीपासून शेवटच्या कीपर्यंतचा भाग, एकमेकांवर येत नाहीत, म्हणून एका लेव्हलवर एक की एकाच फाइलीत सापडते. लेव्हल भरली की तिथली एक फाइल उचलून खालच्या लेव्हलवरच्या तिच्या पट्ट्यातल्या साधारण दहा फाइलींत मिसळायची. एका वेळी जादा जागा लागते ती दोनेक जीबी, ६४० नव्हे.

एक इशारा इथेच देतो. डिस्क भरलेली असताना पद्धत बदलू नये. बदलताक्षणी सगळ्या जुन्या फाइली शून्याव्या लेव्हलवर, म्हणजे मेमरीतून नव्याने उतरलेल्या फाइलींच्या जागी, धरल्या जातात, आणि त्या खाली उतरवताना पुन्हा तीच मोठी जागा लागते. आम्ही आधी तात्पुरती मोठी डिस्क जोडली, मगच सेटिंग बदलले.

आता दहा टक्क्यांचा हिशोब. सगळ्यांत खालच्या लेव्हलवर सगळ्या नोंदी आहेत, आणि तिच्या वरची लेव्हल तिच्या एक दशांश, त्याच्या वरची एक शतांश आहे, असे धरले तर वरच्या सगळ्या लेव्हलमुळे खाली जास्तीत जास्त अकरा टक्के माहिती शिळी होते. आमची १८० जीबी माहिती म्हणजे टेबल दोनशेच्या आसपास स्थिरावायला हवे होते. काही महिन्यांनी ते ३५० जीबीवर जाऊन थांबले. सातशेचे निम्म्यावर आले म्हणून कुणी तक्रार केली नाही, पण मला ते खटकत होते. `nodetool tablestats` मध्ये ही ओळ होती:

```
SSTables in each level: [1, 10, 99, 996, 1090, 0, 0, 0, 0]
```

पहिला आकडा शून्याव्या लेव्हलचा, पुढे एक, दोन, तीन, चार. तिसरी लेव्हल भरलेली आहे: ९९६ फाइली, म्हणजे १६० जीबीला थोडे कमी. चौथी लेव्हल १,६०० जीबी घेऊ शकते, पण तिच्यात फक्त १७४ जीबी आहेत. म्हणजे खालच्या दोन लेव्हल जवळजवळ सारख्या आकाराच्या. तिसरीवर गेल्या महिन्याचे लिखाण आणि चौथीवर त्याच नोंदींची त्याआधीची रूपे. एक दशांशचे गुणोत्तर इथे उरलेच नाही. आमची माहिती तिसऱ्या लेव्हलच्या मर्यादेहून किंचित मोठी, हेच काय ते दुर्दैव. याहून वाईट जागा निवडून सापडली नसती.

रॉक्सडीबी या याच जातीच्या डेटाबेसाने यावर सोय केली आहे. तिथे `level_compaction_dynamic_level_bytes` चालू असेल तर मर्यादा वरून खाली ठरत नाहीत. तळाच्या लेव्हलवर प्रत्यक्ष किती माहिती आहे ते पाहून तिचा दहावा भाग वरच्या लेव्हलला दिला जातो, आणि गुणोत्तर टिकते. आम्ही कॅसँड्रात हाताने तेच केले. `sstable_size_in_mb` १६०चे २०० केले. त्याने तिसऱ्या लेव्हलची मर्यादा २०० जीबी झाली आणि १८० जीबी तिच्यात मावले. अर्थात नुसता आकडा बदलल्याने चौथीवरच्या फाइली वर येत नाहीत. सबंध टेबल एकदा नव्याने लिहून घ्यावे लागले. नशिबाने ती मोठी डिस्क अजून काढली नव्हती. टेबल तेव्हा २०२ जीबीच्या आसपास आले, आणि एका वाचनाला लागणाऱ्या फाइलींचा मधला आकडा एकावर आला.

लेव्हल्डची खरी किंमत लिखाणात आहे, आणि लेखात तिला एक वाक्य मिळाले आहे. साइझ-टायर्डमध्ये एक बाइट प्रत्येक पायरीला एकदाच पुन्हा लिहिला जातो, आमच्या आकारमानात पाच-सहा वेळा. लेव्हल्डमध्ये प्रत्येक लेव्हल उतरताना वाईटात वाईट दहापट लिखाण होते, तीन लेव्हलना मिळून तीसपट. आमच्याकडे रोज पाच जीबी येतात. तीसपट धरले तरी दीडशे जीबी, दिवसभरात डिस्कला ते कळतही नाही. पण सेकंदाला २० एमबी येत असतील तर हाच गुणाकार सेकंदाला ६०० एमबीवर जातो. मग कॉम्पॅक्शन मागे पडते आणि शून्याव्या लेव्हलवर फाइली साचतात. तिथले पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून वाचनाला त्या सगळ्या तपासाव्या लागतात. ज्या वाचनासाठी लेव्हल्ड घेतले तेच बिघडते. वरच्या ओळीतला पहिला आकडा तीस-चाळीसवर जाऊन उतरत नसेल तर हे झाले आहे असे समजावे. अशा टेबलाला मी आजही साइझ-टायर्डवरच ठेवीन आणि डिस्क जास्त घेईन.

लेखासोबतच्या तक्त्यात ‘वाया जागा: १०%’ असे छापले आहे. पुढे तो तक्ता पुन्हा वापरणार असाल तर त्याखाली ‘तळाची लेव्हल वरच्या लेव्हलच्या दहापट असल्यास’ एवढी ओळ घालावी, ही विनंती. आमचीही ही सोय कायमची नाही. माहिती २०० जीबीच्या पुढे गेली की चौथी लेव्हल पुन्हा उघडेल आणि जुन्या रूपांचा ढीग परत सुरू होईल. `tablestats`च्या ओळीतला चौथा, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा, आकडा आज ९५५ आहे.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक